गडाचे दरवाजे सातला बंद

मुलाच्या वाढदिवसाची थीम ठरवायची म्हटली, की घरात पहिली चर्चा होते ती फुगे कुठल्या रंगाचे आणि केकवर कोण बसणार याची. युनिकॉर्न, डायनासोर, अवकाश, नाहीतर त्या वर्षी गाजलेल्या सिनेमातलं कुणीतरी. सजावटवाला येऊन अख्खी भिंत झाकून जातो, फोटो झकास येतात आणि पाहुणे मुलं पाचच मिनिटांत त्या भिंतीकडे पाठ फिरवून सोफ्यावरून उड्या मारायला लागतात. त्यांचं काही चुकत नाही. भिंतीवरच्या डायनासोरनं त्यांना करायला काही दिलेलंच नसतं.

थीम म्हणजे एक गोष्ट असायला हवी. मुलं त्या गोष्टीत शिरली, की रांगेत उभं राहायला, गप्प बसायला, एका जागेवरून दुसरीकडे जायला त्यांना कारण मिळतं. मोठ्यांचाही फायदा होतो: आयत्या वेळी बेत बदलावा लागला, तर तो गोष्टीचाच भाग म्हणून बदलता येतो आणि मुलांना पत्ता लागत नाही. माझ्या भाच्याच्या सहाव्या वाढदिवसाच्या उदाहरणावरून हे सांगते. पुण्यात, दिवाळी उलटून आठवडा झालेला, बारा मुलं, सोसायटीचा तळमजल्यावरचा छोटा हॉल आणि त्याला लागून असलेलं अंगण. थीम होती किल्ला.

किल्लाच का, तर त्याची निम्मी तयारी दिवाळीनं आधीच करून ठेवलेली असते. मुलांनी मातीचा किल्ला केलेला असतो, त्यावर हळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ उगवलेली असते, घरात मावळ्यांची टोपली असते. बुरूज, तटबंदी, चोरदरवाजा हे शब्द सहा वर्षांच्या मुलाच्याही तोंडी बसलेले असतात. त्यामुळे गोष्ट समजावून सांगण्यात वेळ जात नाही. तुमच्या मुलाला रेल्वेचं वेड असेल तर स्टेशन करा, पक्ष्यांचं असेल तर जंगल. कसोटी एकच: त्या गोष्टीत मुलांनी करण्यासारखी निदान चार कामं सुचली पाहिजेत. सुचत नसतील, तर ती थीम सजावटवाल्यासाठी आहे, मुलांसाठी नाही.

किल्ला म्हटल्यावर दोन गोष्टी ताईनं आणि मी पहिल्याच दिवशी बाद केल्या. एक म्हणजे तलवारी. पुठ्ठ्याची तलवार दहा मिनिटं तलवार असते, मग ती काठी होते आणि कुणाच्या तरी डोळ्याशी जाते. ढाल मात्र हवी. ढालीनं फारसं कुणाला लागत नाही आणि ती रंगवायला मोठी, मोकळी जागा मिळते. दुसरी म्हणजे शत्रू. इतिहासातलं कुठलंच सैन्य शत्रू म्हणून घ्यायचं नाही, असं ठरलं. बारा मुलांच्या घरांतून बारा प्रकारची आडनावं येतात आणि खेळात ‘तू त्यांच्यातला’ असं एका मुलाला कुणी म्हटलं, तर त्याची संध्याकाळ तिथेच संपते. आमचे शत्रू होते वादळ, अंधार आणि उशीर. सूर्यास्तानंतर गडाचे दरवाजे बंद होत, हे मुलांना हिरकणीच्या गोष्टीतून माहीत असतंच. म्हणून निमंत्रणातच लिहिलं: गडाचे दरवाजे पाचला उघडतील, सातला बंद होतील.

ही ओळ गमतीची वाटते, पण तिच्यावर बरंच काही उभं होतं. सहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तास पुरतात. तिसऱ्या तासात रडारड सुरू होते आणि पालकांच्या मनात तोच तास राहतो. आपल्याकडे निमंत्रणात सुरू होण्याची वेळ असते, संपण्याची नसते. मग पाहुणे साडेपाचपासून साडेसातपर्यंत केव्हाही येतात आणि जे वेळेवर आले ते केक कापण्याची वाट पाहत ताटकळतात. संपण्याची वेळ लिहिली, की लोक सुरुवातीची वेळही जरा मनावर घेतात. त्याच निरोपात तीन प्रश्न विचारून टाकावेत: धाकटं भावंड सोबत येणार का, काही खाण्याचं वावडं आहे का, आणि मोठ्या आवाजाचा किंवा गर्दीचा मुलाला त्रास होतो का. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आम्हाला त्यावर एका आईचा फोन आला. तिच्या मुलीला फुगे फुटण्याची फार भीती होती. आम्ही फुगे काढूनच टाकले. ते तसेही बरं झालं, कारण न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी हा धोका मानला जातो. धाकटी भावंडं येणार असतील तर याचा विचार आधी करावा.

आता माणसं. बारा मुलांना चार मोठी माणसं लागतात, आणि चौघांची कामं वेगळी हवीत. आमच्यात नगारा माझ्याकडे होता, म्हणजे खेळ घेणं माझं काम. मेहुण्यांकडे पुढच्या खेळाची मांडामांड. मी एक खेळ घेत असताना दुसरा त्यांनी तयार ठेवायचा. ताईकडे खाणं आणि येणारे-जाणारे. चौथा माणूस म्हणजे मेहुण्यांचा धाकटा भाऊ, कॉलेजात शिकणारा. त्याला कुठलंच काम दिलं नव्हतं. तो मोकळा होता, आणि मोकळाच राहिला पाहिजे अशी सक्त ताकीद होती. फोटोसुद्धा काढायचे नाहीत. गर्दीतून एखादं मूल सुटायला लागलं, की त्याच्याकडे जायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला हेर म्हणत होतो. बहुतेक घरांत हा माणूस नसतो. मग एक मूल बिथरलं की खेळ घेणारा त्याच्याकडे धावतो, बाकीची अकरा मोकळी सुटतात आणि पुढचा अर्धा तास हातचा जातो.

पार्टी बिघडते ती खेळात नाही, दोन खेळांच्या मधल्या फटीत. मूल चुळबुळ करतं ते बहुतेक वेळा वाट पाहावी लागते म्हणून. पाहुणे येईपर्यंत वाट, आपली पाळी येईपर्यंत वाट, आउट झाल्यावर खेळ संपेपर्यंत वाट, मेणबत्ती सापडेपर्यंत वाट. त्यामुळे वेळापत्रक आखताना खेळ किती मिनिटं चालेल हे नंतर बघा. आधी विचारा, या वेळात कोणतं मूल रिकामं बसलेलं असेल?

पहिली मोठी फट पाच ते साडेपाच. मुलं एकेक करून येतात. या वेळात असं काम हवं, जे केव्हाही सुरू करता येईल आणि केव्हाही सोडता येईल. ढाल रंगवणं हे तसं काम. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याच्या साधारण एक फूट व्यासाच्या चकत्या आदल्या दिवशी कापून ठेवल्या होत्या. मागे हात घालायला पुठ्ठ्याची पट्टी स्टेपल करून वरून टेप लावलेली, म्हणजे पिना टोचणार नाहीत. मुलं बारा, पण ढाली पंधरा, भावंडं येतातच. रंग मेणाचे आणि चिकटवायला रंगीत कागदाचे तुकडे. पाण्याचे रंग मुद्दाम टाळले. ते वाळत नाहीत, कपड्यांना लागतात आणि ओली ढाल घेऊन खेळता येत नाही. भाच्याला दारात उभा केला होता. प्रत्येकाला ढाल द्यायची जबाबदारी त्याची, तो किल्लेदार ना. उत्सवमूर्तीला काम दिलं की पहिल्या अर्ध्या तासातली त्याची भेटवस्तूंवरची नजर जरा हलते. भेटवस्तू आल्या तशा थेट कपाटात गेल्या, त्याची अगदी लाडकी खेळणी तर सकाळीच कुलपात गेली होती. स्वतःच्या खेळण्याला दुसऱ्यानं हात लावलेला पाहून वाढदिवसाचंच मूल सगळ्यात आधी रडतं, हे शेजारीपाजारी कुठेही पाहायला मिळेल.

पाच पंचवीसला नगारा वाजला. नगारा म्हणजे स्टीलचा मोठा डबा आणि लाकडी चमचा. तीन ठोके पडले की जिथे असाल तिथे खाली बसायचं, ढाल मांडीवर. हा नियम आल्या आल्या शिकवला आणि खेळ म्हणून चार-पाच वेळा करून घेतला. शांतता असताना शिकवलेला इशाराच गोंधळात चालतो. गोंधळ सुरू झाल्यावर ‘मुलांनो, इकडे बघा’ म्हणून ओरडलात, तर एक आवाज वाढतो, इतकंच.

लगेच ‘शिवाजी म्हणतो’. हा खेळ सगळ्यांना येतो: ‘शिवाजी म्हणतो’ असं म्हटलं असेल तरच हुकूम पाळायचा. त्यात चुकणारा आउट होतो, ही त्याची एक अडचण आहे. आउट होणारी मुलं बहुधा तीच, ज्यांचं लक्ष आधीच उडालेलं असतं. त्यांनाच आपण रिकामं बसवतो आणि मग ती भिंतीला टेकून एकमेकांना लाथा मारायला लागतात. आम्ही आउट ठेवलंच नाही. चुकलात तर हॉलला एक फेरी मारून परत खेळात. ज्याला पळण्याची गरज असते तोच जास्त चुकतो आणि त्यालाच पळायला मिळतं. दहा मिनिटांनी खेळ थांबवला, मुलं ‘आणखी’ म्हणत असतानाच. कंटाळा येईपर्यंत खेळवलं, तर पुढच्या खेळाची सुरुवात कंटाळ्यापासून होते.

संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम किल्ला बांधणं. वाण्याकडून आणि औषधांच्या दुकानातून दोन आठवडे खोकी गोळा केली होती, लहानमोठी मिळून चाळीसेक. सगळी बंद करून त्यावर चिकटपट्टी मारली होती. खोकं उघडं ठेवलं तर मुलं त्यात बसतात, आणि मग ते खोकं राहतं, वीट होत नाही. अंगणात खडूनं तटाची रेघ आखून दिली, दरवाजाची जागा सोडली, दोन बुरुजांचे गोल काढले. एकच किल्ला, सगळ्यांचा. दोन गट करून शर्यत लावली असती तर हरलेल्या गटाला समजावण्यात वेळ गेला असता. काम वाटून दिलं: काहींनी खोकी वाहायची, काहींनी रचायची. गच्चीवर असं काही करणार असाल, तर एक सांगून ठेवते. कठड्याजवळ रचलेली खोकी म्हणजे कठड्यावर चढायची पायरी. आम्ही गच्चीचा विचार याच कारणानं सोडला.

बांधकामाला वीस मिनिटं धरली होती. बाराव्या मिनिटालाच लक्षणं दिसायला लागली. इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण ही लक्षणं वाचता आली तरच पर्यायी बेताचा उपयोग. चुळबुळ आवाजाच्या आधी पायांत दिसते. मूल कामाच्या जागेपासून एक-दोन पावलं मागे सरकतं, हात चालू असतात पण नजर तिथे नसते, किंवा खोकं उचलण्याऐवजी पायानं ढकलायला लागतं. एकानं ढकललं की दुसरा हसतो. ते हसणं नेहमीपेक्षा वरच्या पट्टीतलं असतं. दोन मुलांचं असं झालं तर पाच मिनिटं हातात आहेत. चौघांचं झालं तर खेळ संपला असं समजावं, घड्याळ काहीही सांगो.

आणि चुळबुळ दोन प्रकारची असते. वरून सारखी दिसते, उपाय मात्र उलटे. एक मूल कंटाळलेलं असतं. ते इतरांच्या जवळ जातं, टपली मारतं, ढाल ओढतं, मुद्दाम खोकं पाडतं. त्याला आणखी काम हवं असतं. दुसरं मूल गर्दीनं आणि आवाजानं भरून गेलेलं असतं. ते लांब जातं: टेबलाखाली, पडद्यामागे, आईच्या कुशीत. कानावर हात ठेवतं, साध्या धक्क्यानंही रडतं. त्याला कमी हवं असतं. पहिल्याला कोपऱ्यात शांत बसवलं तर तो कोपरा उधळून लावतो, दुसऱ्याला ‘चल चल, तू पण खेळ’ म्हणून ओढलं तर तो हंबरडा फोडतो. जवळ येतो की लांब जातो, एवढं बघितलं तरी बहुतेक वेळा निर्णय बरोबर येतो. तिसरी शक्यता फार साधी असते, तिलाच लोक विसरतात: शूला लागलेली असते किंवा भूक लागलेली असते. आधी ते विचारावं.

आमच्याकडे त्या मिनिटाला एक दांडगट मुलगा बुरुजाला ढुशा देत होता आणि फुग्यांची भीती असलेली ती मुलगी दरवाजाच्या मागे जाऊन उभी होती. हेरानं मुलाला बोलावलं आणि म्हणाला, “गडावर पाणी संपलंय, टाकं भरायचंय.” एक-एक लिटरच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हॉलमधून अंगणात नेऊन ठेवायच्या, एका वेळी दोन. वजन वाहणं, ढकलणं, ओढणं अशा कामांनी अंगातली खळबळ बसते, हे व्यवसायोपचार करणारे तज्ज्ञ सांगतात आणि त्यांच्या पद्धतीत अशी जड कामं असतातच. तीन फेऱ्यांत त्या मुलाचा चेहरा निवळला. चौथ्या फेरीला त्यानं दुसऱ्या एकाला मदतीला घेतलं. मुलीला हेरानं काही विचारलं नाही. फक्त हॉलच्या कोपऱ्यात दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेल्या तंबूकडे बोट दाखवलं. आत उशी, चित्रांची दोन पुस्तकं आणि मळलेल्या कणकेचा रंगीत गोळा. त्या तंबूला आम्ही टेहळणीची चौकी म्हणत होतो, म्हणजे तिथे बसलेलं मूल खेळाबाहेर गेलंय असं कुणाला वाटत नाही. ते पहाऱ्यावर असतं. दहा मिनिटांनी ती आपणहून बाहेर आली.

बाकीच्यांसाठी नगारा वाजवला आणि जाहीर केलं: वादळ येतंय. किल्ला पाडायची परवानगी. सहा वर्षांच्या मुलांना बांधण्यापेक्षा पाडण्यात जास्त आनंद असतो आणि ते आज ना उद्या होणारच असतं. चोरून पाडलं तर भांडण होतं, नगाऱ्यावर पाडलं तर तो खेळ होतो. ज्या दोन मुली मन लावून बुरूज रचत होत्या त्यांना मात्र आधी विचारलं. त्यांचा बुरूज रेघेच्या आत सुरक्षित ठेवला; वादळ तिथवर पोचलंच नाही. एका मिनिटात सगळं भुईसपाट झालं आणि पुन्हा बांधायला मुलं स्वतःहून धावली. वीस मिनिटं भरली.

मग विषामृत. आपल्या जुन्या खेळांत हा मला फार शहाणा खेळ वाटतो. ज्याच्यावर राज्य आहे त्यानं ‘विष’ दिलं की मूल जागच्या जागी थिजतं, पण दुसऱ्या कुणी शिवून ‘अमृत’ दिलं की परत सुटतं. कायमचं बाहेर कुणीच जात नाही. संगीत खुर्चीत नेमकं उलट होतं: पहिल्या मिनिटाला बाहेर गेलेलं मूल पुढची दहा मिनिटं बघत बसतं. संगीत खुर्ची घ्यायचीच असेल तर खुर्च्या कमी करा, मुलं कमी करू नका. शेवटी दोन खुर्च्यांवर बाराजणांनी कसं मावायचं यावर जी झोंबाझोंबी आणि हसाहस होते, ती जिंकण्यापेक्षा बरी. नोव्हेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पळापळीचे खेळ आधी आणि बैठे नंतर, हा क्रम उजेडानंच ठरवला होता.

खजिन्याच्या शोधात एक बारकावा आहे. बारा मुलांना एकच खलिता दिला, तर दोन चुणचुणीत मुलं पुढे पळतात आणि दहा मुलं त्यांच्या मागे नुसती धावतात. आम्ही चौघाचौघांच्या तीन तुकड्या केल्या. ठिकाणं तीच पाच, पण प्रत्येक तुकडीचा क्रम वेगळा, म्हणजे एका जागी गर्दी नाही. खलित्यात अक्षरं नव्हती, चित्रं होती: नळ, तुळशीवृंदावन, जिन्याखालची सायकल, सूचनाफलक, हॉलमधलं पंख्याचं बटण. सहा वर्षांचं एखादं मूल घडाघडा वाचतं, एखादं अक्षर लावत असतं. कुणी मराठी शाळेतलं, कुणी इंग्रजी. चित्रानं सगळी एका पातळीवर येतात. प्रत्येक ठिकाणी तुकडीला चित्रकोड्याचा एक तुकडा मिळत गेला आणि तिन्ही तुकड्यांचे तुकडे जुळवल्यावर खजिन्याची जागा दिसली. त्यामुळे आधी पोचलेल्या तुकडीलाही बाकीच्यांची गरज होती. खजिन्यात सोन्याच्या कागदातली चॉकलेटं, मोजून सारखी. निघण्याआधी सगळ्यांना स्वच्छतागृहाकडे पाठवलं होतं. ‘पहाऱ्यावर जायच्या आधी’ असं म्हटलं की जातात.

केक सव्वासहाला. आधी औक्षण, मग केक, दोन्ही मिळून दहा मिनिटं. केक फार लवकर कापला तर नंतरच्या कार्यक्रमाला कुणी थांबत नाही, फार उशिरा ठेवला तर भुकेली मुलं चिडतात. पळून आल्यावर, जेवणाच्या जरा आधी, ही वेळ बरी. एक किलोचा केक बारा मुलांना आणि सोबतच्या मोठ्यांना लहान तुकड्यांत पुरला. केकपाशी बर्फासारखा फेस उडवण्याचा स्प्रे कृपा करून आणू नका. तो पेट घेऊ शकतो आणि शेजारीच मेणबत्ती जळत असते.

‘आता साखर चढणार’ असं एका आजोबांनी म्हटलंच. साखरेनं मुलं चेकाळतात ही समजूत जगभर आहे, पण तिला आधार सापडलेला नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९९५ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर फार बोलका आहे. काही आयांना सांगितलं, की तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. खरं तर साखर दिलीच नव्हती. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. दातांसाठी आणि एकूण तब्येतीसाठी केक बेतानंच द्यावा, पण धिंगाण्याचं खापर त्याच्यावर फोडून उपयोग नाही. गर्दी, आवाज, लांबलेलं जेवण आणि बुडालेली दुपारची झोप यांच्याकडे मग बघायचं राहून जातं.

खाणं बसून, पंगतीनं. ताटं आधी वाढलेली: दोन छोटे बटाटेवडे, ढोकळा, काकडीच्या चकत्या, थोडी खीर. हातात कागदी ताटली घेऊन फिरणारी मुलं सांडतात, घसरतात आणि अर्ध्यात सोडून पळतात. पंगत बसली की ती पंधरा मिनिटं आपोआप शांत जातात. त्या शांततेचा फायदा घेऊन, मुलं जागची उठायच्या आत हिरकणीची गोष्ट सांगितली. दिवे थोडे मंद केले, आवाज खाली आणला. आतापर्यंतच्या पळापळीनंतर अंगातला वेग उतरवायला हे लागतं. नाहीतर घरी पोचल्यावर मूल झोपायला तयार नसतं आणि त्याचं श्रेय आपल्याला मिळतं.

खरी परीक्षा मात्र पाऊस आला असता तर झाली असती. नोव्हेंबरातही तो येतो, आणि जून ते सप्टेंबरमधला वाढदिवस असेल तर येणारच असं धरावं. त्यासाठी एका पिशवीत सामान भरून दाराशी ठेवलं होतं. तिचं नाव दारूकोठार. आत पाच-सहा मीटरचा जाड दोर, मऊ चेंडू, खडू, जुनी वर्तमानपत्रं, मळलेली कणीक, चार्ज केलेला छोटा स्पीकर आणि दोन विजेऱ्या. अंगण गेलं तर किल्ला हॉलमध्ये निम्म्या खोक्यांचा झाला असता आणि विषामृताच्या जागी तळ्यात-मळ्यात आलं असतं, त्याला जमिनीवर एक रेघ पुरते. वर्तमानपत्रांचे गोळे करून रेघेपलीकडच्या बादलीत टाकणं ही तोफखान्याची चांदमारी. वीज गेली असती तर विजेऱ्या आणि भिंतीवरच्या सावल्या. दोर रस्सीखेचीसाठी नाही. एवढ्या लहान मुलांचे हात त्यात सोलतात. सगळ्यांनी एका बाजूनं धरून खोक्यांनी भरलेली चटई ओढून न्यायची, ती तोफ. या सामानातल्या प्रत्येक गोष्टीला एकच अट होती: समजावून सांगायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. लांबलचक नियमांचा खेळ अडचणीच्या वेळी बाहेर काढला तर तो दुसरी अडचण होतो.

त्या दिवशी पिशवीतून दोनच वस्तू बाहेर आल्या, कणीक आणि चेंडू. पण ती दाराशी आहे हे माहीत असल्यामुळे मी नगाऱ्यापाशी निवांत होते.

सहा पन्नासला भाच्यानं मान टाकली. खजिना दुसऱ्याच तुकडीनं पहिल्यांदा पाहिला याचं दुःख त्याला आत्ता आठवलं होतं. ताई त्याला घेऊन आत गेली, मांडीवर बसवलं, पाणी दिलं, समजूत वगैरे घातली नाही. पाच मिनिटांनी तो बाहेर आला, कारण दरवाजा बंद करायचा हुकूम किल्लेदारानंच द्यायचा होता. प्रत्येकाला जाताना हळिवाची पुडी, मूठभर माती भरलेली पणती आणि मातीचा एक मावळा. ढाल ज्याची त्याची. सातला नगारा वाजला. दोन पालक यायचे होते, त्यांच्या मुलांना ढाली घेऊन पायरीवर पहाऱ्याला बसवलं.

तुमच्या घरी येत्या महिन्यात वाढदिवस असेल, तर सजावटवाल्याला फोन करण्याआधी एक फोन करा. मामा, आत्या, शेजारची कॉलेजातली मुलगी, कुणीही चालेल. पण त्या दोन तासांत जिला दुसरं कुठलंच काम असणार नाही, अशी एक व्यक्ती आजच पक्की करा.